हात कधी थरथरतो?

कवटीच्या मागच्या तळाशी असलेला लहान मेंदू आणि मोठ्या मेंदूच्या गाभ्यात खोलवर असलेले बेसल गँग्लिया नावाचे चेतापेशींचे पुंजके, या दोन्ही ठिकाणच्या आजारांत एक गोष्ट समान असते. स्नायूंची ताकद शाबूत राहते आणि तरीही हालचाल बिघडते. अशा रुग्णाने डॉक्टरांचा हात दाबला तर पकड घट्ट लागते. लकव्यातला लुळेपणा येथे नसतो आणि तळपायावर रेघ ओढली असता अंगठा निरोगी माणसाप्रमाणे खालीच वळतो. मग बिघडते ते काय? लहान मेंदूच्या आजारात हालचालीची अचूकता जाते, तर बेसल गँग्लियाच्या आजारात हालचालीची सुरुवात अडते आणि तिचा आकार आक्रसतो. तपासणीत दिसणाऱ्या बहुतेक खुणा या एका फरकातून निघतात. तो नीट समजला तर वैद्यकाच्या विद्यार्थ्याला दोन रकाने करून लक्षणे पाठ करावी लागत नाहीत.

हात उचलून पाण्याचा पेला धरायचा असेल तेव्हा मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागाकडून स्नायूंना हुकूम जातो. त्या हुकुमाची एक प्रत लहान मेंदूकडेही पोहोचते. हात प्रत्यक्षात कोठे आहे याची खबर सांधे आणि स्नायूंकडून तेथेच येते. ठरलेली वाट आणि चालू वाट यांची सांगड घालून लहान मेंदू हालचाल सुरू असतानाच दुरुस्त्या करत राहतो. त्यामुळे तो बिघडला की दोष उघडा पडतो तो हालचालीत, आणि लक्ष्य जवळ आल्यावर, म्हणजे सर्वांत बारीक दुरुस्तीची गरज असते तेव्हा, तो सर्वांत जास्त दिसतो. बेसल गँग्लियाचे काम त्याआधी सुरू होते. अनेक शक्य हालचालींपैकी कोणती सोडायची, कोणती दाबून ठेवायची आणि सोडलेली हालचाल किती मोठी असावी हे तेथे ठरते. सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या पेशी डोपामिन पुरवतात म्हणून हे काम चालते. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, याच पेशी झडत जातात. म्हणून तेथला दोष विश्रांतीत आणि हालचालीच्या आरंभी दिसतो.

या तुलनेचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या आधारे थरथरत्या लकव्यावर एक छोटा निबंध लिहिला. त्यातले काही रुग्ण त्यांनी केवळ रस्त्यावर पाहिलेले होते. पुढे १८६० च्या दशकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ मार्तँ शार्को यांच्यापुढे कंप असलेले असंख्य रुग्ण होते आणि त्यांची सरमिसळ झालेली होती. शार्को यांनी त्यांना एकाच प्रश्नावर वेगळे केले: हात मांडीवर पडलेला असताना थरथरतो, की काही घ्यायला पुढे गेल्यावर? पहिल्या गटात पार्किन्सनचे रुग्ण आले. दुसऱ्या गटातल्या अनेकांना मल्टिपल स्क्लेरोसिस होता आणि त्यात लहान मेंदूचे मार्ग बिघडलेले असतात. लहान मेंदूच्या खुणांचे आजही वाचनीय असलेले वर्णन मात्र गॉर्डन होम्स यांचे आहे. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या भागात गोळी लागलेले सैनिक त्यांनी तपासले. उजव्या बाजूला जखम झालेल्या एका रुग्णाने त्यांना सांगितले होते की डावा हात आपोआप काम करतो, उजव्याची मात्र प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. जखम उजवीकडे आणि बिघाडही उजव्याच हातात, या जोडीकडे पुढे परत यावे लागेल.

शार्कोंचा प्रश्न आजही खाटेजवळ तसाच विचारायचा असतो, पण तो नीट विचारला तरच उत्तर मिळते. कंपवाताचा कंप पाहण्यासाठी रुग्णाला बसवून दोन्ही हात मांडीवर सैल सोडायला सांगावे आणि शंभरातून सात सात वजा करत मोठ्याने मोजायला लावावे. मन आकड्यांत गुंतले की दडलेला कंप वर येतो. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली जात आहेत असा तो दिसतो आणि त्याची गती सेकंदाला ४ ते ६ वेळा असते. हात उचलून वस्तूकडे नेला की तो थांबतो किंवा बराच कमी होतो. येथे एक फसवी जागा आहे. हात समोर लांब धरून ठेवले तर कंप आधी नाहीसा होतो, पण काही सेकंदांनी त्याच लयीत परत येऊ शकतो. घाईत पाहणारा त्याला हात धरून ठेवतानाचा कंप समजतो आणि निदान भलतीकडे जाते.

लहान मेंदूचा कंप पाहण्याची चाचणी म्हणजे बोटाने नाकाला आणि मग तपासणाऱ्याच्या बोटाला स्पर्श करणे. ही चाचणी चुकीची केली जाते ती एकाच कारणाने: तपासणारा आपले बोट रुग्णाच्या फार जवळ धरतो. रुग्णाला कोपर पूर्ण सरळ करावे लागेल इतके ते लांब असले पाहिजे, नाहीतर दोष झाकला जातो. बिघडलेला हात बोटाकडे जाताना आधी ठीक जातो, शेवटच्या टप्प्यात वाटेच्या दोन्ही बाजूंना हेलकावे घेतो आणि मग बोटाच्या पलीकडे तरी जातो किंवा अलीकडे तरी थांबतो. या हेलकाव्यांची गती सहसा सेकंदाला पाचापेक्षा कमी असते. लक्ष्य चुकणे आणि लक्ष्याजवळ कंप वाढणे या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की लहान मेंदूकडे बोट जाते.

यांखेरीज एक तिसरा कंप आहे आणि तो या दोहोंपेक्षा जास्त लोकांना असतो. त्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. हात समोर धरताक्षणी तो सुरू होतो, चहाचा कप तोंडाशी नेताना त्रास देतो, बहुधा दोन्ही हातांत असतो आणि घरात आईवडिलांपैकी कोणाला तो असल्याचे अनेकदा कळते. असा कंप असलेल्या कित्येक जणांवर कंपवाताचा शिक्का बसतो. तो टाळता येतो, कारण यात हालचाल आक्रसत नाही.

आक्रसणे म्हणजे काय, हे पाहण्याची चाचणी सर्वांत साधी आहे आणि तिला सर्वांत जास्त वेळ द्यावा. रुग्णाने तर्जनी अंगठ्यावर दहा वेळा आपटायची, जितकी मोठी उघडता येईल तितकी उघडून आणि जितक्या वेगाने जमेल तितक्या वेगाने. कंपवातात पहिले दोन-तीन ठोके बरे पडतात. मग बोटांमधले अंतर कमी कमी होत जाते, वेग मंदावतो, मध्येच हात अडखळतो आणि अखेरीस बोटे जेमतेम उघडतात. कंपवाताचे निदान या क्रमशः घटण्यावर उभे असते. नुसता कंप किंवा नुसता संथपणा त्याला पुरत नाही. लहान मेंदूच्या रुग्णाला हीच चाचणी दिली तर तोही ती बिघडवतो, पण वेगळ्या तऱ्हेने. एक ठोका मोठा, दुसरा लहान, तिसरा उशिरा, बोट अंगठ्याच्या कडेला लागते. लय मोडलेली असते, पण दहावा ठोका पहिल्याइतकाच मोठा असू शकतो. एका हाताचा तळवा दुसऱ्या हातावर उलटसुलट आपटायला सांगितले की हा बेतालपणा कानांनाही ऐकू येतो. परीक्षेत जलद हालचाल जमत नाही एवढेच लिहिलेले उत्तर अपुरे ठरते ते यामुळेच, कारण ती दोघांनाही जमत नाही. कशी जमत नाही, हे सांगायला हवे. ताकद कमी असलेल्या हातालाही ती जमत नाही, म्हणून आधी ताकद तपासावी.

स्नायूंचा ताण पाहताना दोन्ही आजार उलट दिशांना जातात. कंपवातात मनगट किंवा कोपर हलवून पाहिले तर सबंध हालचालभर सारखाच विरोध जाणवतो, हळू हलवा की जोरात. त्यावर कंपाची भर पडली की दातेरी चाक फिरवल्यासारखे टक्के हाताला लागतात. विरोध जाणवत नसेल तर रुग्णाला दुसऱ्या हाताची मूठ उघडझाप करायला सांगावे. लपलेला ताठरपणा बाहेर येतो. लकव्यानंतरचा ताठरपणा निराळा असतो, तो झटक्याने हलवल्यावरच पकडतो. लहान मेंदूच्या आजारात, विशेषतः तो नुकताच झाला असेल तर, अंग सैल पडते. बसलेल्या रुग्णाच्या लोंबत्या गुडघ्यावर हातोडी मारली की पाय एकदा उसळून थांबत नाही, लंबकासारखा मागेपुढे झुलत राहतो. आणखी एक खूण म्हणजे रुग्णाला हात कोपरात दुमडून जोर लावायला सांगायचे, तपासणाऱ्याने तो ओढून धरायचा आणि अचानक सोडायचा. निरोगी हात लगेच थांबतो. लहान मेंदूच्या रुग्णाचा हात त्याच्याच तोंडावर आदळू शकतो, म्हणून ही चाचणी करताना तपासणाऱ्याने आपला दुसरा हात रुग्णाच्या चेहऱ्याआड धरावा. होम्स यांचे नाव या खुणेशी जोडलेले आहे.

चाल मात्र सगळ्यांत जास्त बोलते, आणि रुग्ण दारातून आत येतानाच ती पाहून घ्यावी. कंपवाताचा रुग्ण पाय जवळ जवळ ठेवून आखूड पावले टाकतो, पाय जमिनीला घासतो, पाठ किंचित वाकलेली असते. आजाराच्या सुरुवातीला एकच हात झुलत नाही; घरचे लोक सांगतात की खांदा दुखतो म्हणून बरेच दिवस उपचार चालले होते. वळताना तो एका जागी वळत नाही, पाच-सहा बारीक पावलांत सगळे अंग एकदम फिरवतो. पुढच्या टप्प्यात उंबरठ्याशी किंवा अरुंद जागेत पाय जमिनीला खिळल्यासारखे थांबतात. नवल वाटावे अशी गोष्ट म्हणजे फरशीवर आडव्या पट्ट्या मारल्या, तर तोच माणूस त्या ओलांडत चालू शकतो. डोळ्यांना दिसणारी खूण हालचालीला वेगळ्या वाटेने सुरुवात करून देते आणि बेसल गँग्लियाची अडलेली वाट टाळली जाते. लहान मेंदूच्या रुग्णाला सुरुवात करायला अडचण नसते. तो पाय फाकवून चालतो, पावलांचे अंतर दर वेळी वेगळे असते, वळताना झोकांडी जाते आणि टाचेला बोट लावून सरळ रेषेत चालणे त्याला जमत नाही.

चालीवरून लहान मेंदूचा कोणता भाग बिघडला हेही कळते. मधला भाग, ज्याला व्हर्मिस म्हणतात, धड आणि पाय सांभाळतो. वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्यांत याच भागाचा पुढचा अंश झिजतो, म्हणून असा माणूस खाटेवर पडून बोटाची चाचणी जवळपास निर्दोष करतो आणि उभा केला की डोलू लागतो. जे डॉक्टर रुग्णाला खाटेवरून उतरवत नाहीत, त्यांना हा आजार दिसतच नाही. बाजूचा गोलार्ध बिघडला तर त्या बाजूचा हातपाय चुकतो आणि रुग्ण त्या बाजूला ढळतो.

येथे रॉमबर्गच्या चाचणीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तोंडी परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो. पाय जुळवून उभे राहायचे आणि मग डोळे मिटायचे, अशी ती चाचणी आहे. डोळे मिटल्यावरच तोल गेला तर ती सकारात्मक मानतात आणि त्यातून पायांकडून येणाऱ्या स्थितीच्या संवेदनेतला दोष कळतो, उदाहरणार्थ बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावातला. लहान मेंदूचा रुग्ण डोळे उघडे असतानाच डोलतो. तेव्हा रॉमबर्गची चाचणी लहान मेंदूची नाही. कंपवातात तोल पाहण्यासाठी तपासणारा रुग्णाच्या मागे उभा राहतो आणि सांगून खांदे मागे ओढतो. एक-दोन पावलांत सावरणे ठीक. त्याहून जास्त पावले लागली किंवा रुग्ण तसाच मागे कलंडू लागला तर दोष आहे. हा दोष आजाराच्या पहिल्या वर्षातच आला, तर साध्या कंपवाताचा संशय सोडून दुसऱ्या आजारांचा विचार करावा.

बोलणे आणि लिहिणे याच सूत्राने चालते. कंपवातात आवाज हळू आणि एकसुरी होतो, अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते. लहान मेंदूच्या आजारात शब्दांची अक्षरे सुटी पडतात, मध्येच एखादे मोठ्याने फुटते आणि लिखाण मोठे व वेडेवाकडे होते. डोळ्यांत लहान मेंदूची खूण जास्त ठळक असते. बाजूला पाहायला सांगितले की बुबुळे ठरत नाहीत, झटके देतात, आणि बिघडलेल्या बाजूला पाहताना झटके मोठे असतात. कंपवातात पापण्या कमी लवतात आणि चेहरा भावहीन दिसतो.

आता बाजूचा प्रश्न. डाव्या बेसल गँग्लियाचा बिघाड उजव्या अंगात दिसतो, कारण त्यांचा परिणाम त्याच बाजूच्या मोठ्या मेंदूमार्फत खाली जातो आणि तो मार्ग लंबमज्जेत ओलांडून पलीकडे जातो. लहान मेंदूचा मार्ग मात्र दोनदा ओलांडतो. उजव्या लहान मेंदूतून निघालेले तंतू मध्यमेंदूत डावीकडे जाऊन डाव्या थॅलॅमसला आणि तेथून डाव्या मोठ्या मेंदूला पोहोचतात. डाव्या मोठ्या मेंदूचा हुकूम परत उजवीकडे येतो. होम्स यांच्या सैनिकाचा उजवा हात उजव्याच जखमेने बिघडला होता तो असा.

दोन रुग्ण शेजारी ठेवून पाहिले तर हे स्पष्ट होईल. दोघांचीही तक्रार सारखीच: उजवा हात थरथरतो आणि चालताना तोल जातो. पहिला ६४ वर्षांचा माणूस. दीड वर्षापासून टीव्ही पाहताना उजवा हात थरथरतो, कप उचलल्यावर थांबतो. सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो. तपासणीत बोट-नाक चाचणी संथ पण अचूक आहे. उजव्या हाताचे ठोके सातव्या-आठव्यापर्यंत आक्रसतात, मनगट ताठर आहे, चालताना उजवा हात झुलत नाही. ताकद पूर्ण आहे. दोष डाव्या सब्स्टॅन्शिया नायग्राकडे आणि आजार कंपवात. मात्र निदान पक्के करण्याआधी त्याची औषधे विचारायला हवीत. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, पोटासाठी दिले जाणारे लेव्होसल्पिराइड, चक्कर आणि अर्धशिशीवरची सिनारिझिन व फ्लुनारिझिन, मानसिक आजारावरचे हॅलोपेरिडॉल ही सगळी डोपामिनचा मार्ग अडवून हुबेहूब असेच चित्र उभे करतात. त्यात बहुधा दोन्ही बाजू सारख्या बिघडतात, आणि औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारणा होते. या रुग्णात एकच बाजू आधी धरली गेली, हे कंपवाताच्या बाजूने बोलते.

दुसरी ५२ वर्षांची स्त्री, रक्तदाब वाढलेला. सकाळी एकदम डोके दुखू लागले, उलट्या झाल्या, उभे राहता येईना. उजवा हात नाकाकडे जाताना हेलकावतो आणि गालाला लागतो. उजवीकडे पाहताना डोळे मोठे झटके देतात. बसवले तरी ती उजवीकडे कलते. ताकद पूर्ण आहे आणि तीच येथली फसवणूक आहे: हातपाय चालतात म्हणून घरच्यांना पक्षाघात वाटत नाही, पित्त झाले किंवा कानातला तोल गेला असे समजून तिला चक्करची गोळी देऊन झोपवले जाते. दोष उजव्या लहान मेंदूत आहे, रक्तस्रावाचा किंवा रक्तवाहिनी बंद पडल्याचा. कानाच्या आजारात चक्कर तितकीच तीव्र असते, पण रुग्ण आधाराशिवाय बसू शकतो आणि बहुधा उभाही राहतो. म्हणून प्रत्येक चक्करच्या रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी उभे करून पाहणे ही सक्तीची गोष्ट मानावी. कवटीच्या मागच्या कप्प्यात जागा फार कमी असते. तेथे सूज आली की मेंदूतल्या पाण्याची वाट बंद होते, मेंदूखोडावर दाब येतो आणि गप्पा मारणारा रुग्ण काही तासांत बेशुद्ध पडू शकतो. सीटी स्कॅन रक्तस्राव लगेच दाखवते, पण रक्तवाहिनी बंद पडली असेल तर पहिल्या काही तासांत ती निर्दोष दिसू शकते, अशा वेळी एमआरआय लागतो. ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा रक्तस्राव असेल किंवा गुंगी वाढत असेल तर शस्त्रक्रिया करून दाब काढावा लागतो.

बेसल गँग्लियाचा बिघाड नेहमी हालचाल कमीच करतो असे नाही. दाबून ठेवायच्या हालचाली सुटल्या तर उलट चित्र दिसते. सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या छोट्या गाठीला इजा झाली की विरुद्ध बाजूचा हातपाय मनाविरुद्ध जोराने फेकला जातो. साखर खूप वाढलेल्या वयस्क मधुमेहींत एका बाजूच्या अशाच अनावर हालचाली अचानक सुरू होतात, आणि साखर आटोक्यात आणल्यावर बहुतेकांच्या कमी होतात. म्हणून अशा रुग्णाची साखर स्कॅनच्या आधी मोजावी.

काही रुग्णांत मात्र दोन्ही रकान्यांतल्या खुणा एकत्र सापडतात. ताठरपणा आणि आक्रसलेले ठोके आहेत, शिवाय चाल फाकलेली आहे, उभे राहताच रक्तदाब घसरतो आणि लघवीवर ताबा नाही, असे उतारवयात दिसले तर मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफीचा विचार करावा लागतो. त्यात कंपवाताच्या लेव्होडोपा या औषधाचा गुण फारसा येत नाही किंवा टिकत नाही. तरुण वयातला मिश्र आजार यापेक्षा तातडीचा आहे. चाळिशीच्या आतल्या कोणाला कंप, ताठरपणा, अडखळते बोलणे यांपैकी काहीही नव्याने सुरू झाले, तर विल्सनचा आजार आहे की नाही हे पाहिलेच पाहिजे. किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या या आजारात तांबे यकृतात आणि मेंदूत साठत जाते. हात छातीपुढे दुमडून कोपरे बाहेर काढली की खांद्यापासून पंख फडफडल्यासारखा कंप दिसतो. स्लिट लॅम्पने पाहिले असता बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडे आढळते, रक्तातले सेरुलोप्लाझ्मिन कमी असते आणि २४ तासांच्या लघवीत तांबे वाढलेले असते. पेनिसिलामिन, ट्रायेंटिन किंवा जस्त यांनी तांबे उतरवता येते, पण उशीर झाला तर मेंदूची झालेली हानी पूर्ण भरून येत नाही. आजार आईवडील दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे होतो, त्यामुळे रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि लक्षणे नसली तरी त्यांचीही तपासणी त्याच वेळी करून घ्यावी लागते.